रेपो वाढला, माझ्या होम लोनचं काय झालं? एकाच कर्जाचा पूर्ण हिशोब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अकाउंट्समध्ये काम करतो आणि गेली काही वर्षं आमच्या सोसायटीतले आणि ओळखीतले लोक होम लोनची स्टेटमेंटं घेऊन माझ्याकडे येतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून इथे एकदाच नीट लिहून ठेवतोय. सगळी उत्तरं एकाच कर्जावर आहेत म्हणजे आकडे मागेपुढे ताडून बघता येतील. कर्ज काल्पनिक आहे, पण रेपोचे दर आणि तारखा खऱ्या आहेत.

१. रेपो रेट वाढला तर माझ्या कर्जाचा दर का वाढतो? मी तर बँकेशी ठराविक दर ठरवला होता.

तुम्ही दर ठरवला नव्हता, दर काढायची पद्धत ठरवली होती. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग होम लोन बाहेरच्या एखाद्या दराला बांधावं लागतं, आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा रेपो रेटच, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे उसने देते तोच, घेतला. म्हणजे तुमचा दर = रेपो + स्प्रेड. स्प्रेड म्हणजे बँकेचा वरचा भाग, तो सँक्शन लेटरमध्ये लिहिलेला असतो.

आपल्या उदाहरणातलं कर्ज: ३० लाख, मुदत २० वर्षं म्हणजे २४० हप्ते, पहिला हप्ता जुलै २०२१, शेवटचा जून २०४१. तेव्हा रेपो ४ टक्के होता, स्प्रेड २.७५ धरला, दर झाला ६.७५ टक्के आणि हप्ता २२,८११ रुपये.

२. रेपो नेमका किती आणि कधी वाढला होता?

४ मे २०२२ ला ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रिझर्व्ह बँकेने रेपो ४.४० केला, मग जूनमध्ये ४.९०, ऑगस्टमध्ये ५.४०, सप्टेंबरच्या शेवटी ५.९०, डिसेंबरमध्ये ६.२५ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५०. नऊ महिन्यांत अडीच टक्के.

तुमच्या कर्जाला ही वाढ त्याच दिवशी लागत नाही, ती रीसेटच्या, म्हणजे बँक दर नव्याने लावते त्या तारखेला लागते, आणि रीसेट निदान तीन महिन्यांतून एकदा व्हावाच लागतो. आपल्या कर्जाचा रीसेट जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या १ तारखेला धरूया. म्हणजे १ जुलै २०२२ ला दर ७.६५, १ ऑक्टोबरला ८.६५, १ जानेवारी २०२३ ला ९ आणि १ एप्रिलला ९.२५ टक्के.

३. दर वाढला पण माझा हप्ता तेवढाच कापला जातोय. म्हणजे मला वाढ लागलीच नाही ना?

लागली आहे. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवलीय. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरा घोळ इथेच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

जून २०२२ पर्यंत १२ हप्ते भरून झाले तेव्हा मुद्दल शिल्लक होतं २९,२६,५२३. जुन्या दराने पुढच्या महिन्याचं व्याज झालं असतं १६,४६२, म्हणजे २२,८११ मधून मुद्दलात गेले असते ६,३४९. नवीन ७.६५ दराने व्याज होतं १८,६५७, आणि हप्ता तोच असल्याने मुद्दलाला उरतात फक्त ४,१५४. दर ०.९० ने वाढला, ऐकायला किरकोळ, पण मुद्दल फेडायचा वेग एक तृतीयांशाने घटला, कारण वाढलेलं सगळं व्याज मुद्दलाच्याच वाट्यातून जातं, दुसरीकडून यायला पैसे नाहीतच.

त्यामुळे २२८ हप्ते उरले होते त्याचे झाले २६८. चाळीस हप्ते जास्त. शेवटचा हप्ता जून २०४१ ऐवजी ऑक्टोबर २०४४. खात्यातून कापली जाणारी रक्कम एका रुपयाने बदललेली नाही, त्यामुळे कोणाला कळतही नाही.

४. आणि हप्ता वाढवला असता तर किती झाला असता?

त्याच १ जुलै २०२२ ला उरलेले २२८ हप्ते तसेच ठेवायचे तर हप्ता २४,३८२, म्हणजे महिन्याला १,५७१ जास्त. पुढच्या प्रत्येक रीसेटला असंच केलं तर ऑक्टोबरला २६,१७०, जानेवारीला २६,८०४ आणि एप्रिल २०२३ पासून २७,२५७. एकूण वाढ ४,४४६ रुपये, साधारण साडेएकोणीस टक्के. घरखर्चाला हे जाणवतं, खोटं कशाला बोलू, पण कर्ज जून २०४१ लाच संपतं.

५. पूर्ण अडीच टक्के वाढ मुदतीतच टाकली तर काय होतं?

हप्ता २२,८११ च ठेवला तर ऑक्टोबर २०२२ च्या रीसेटला उरलेले हप्ते होतात ३५४, जानेवारी २०२३ ला ४१९ आणि एप्रिल २०२३ ला ५२२. ५२२ हप्ते म्हणजे साडेत्रेचाळीस वर्षं, शेवटचा हप्ता सप्टेंबर २०६६. कर्ज घेताना माणूस ३५ चा असेल तर तेव्हा ८० चा.

एप्रिल २०२३ चा तो एक हप्ता उघडून बघा. शिल्लक २९,०५,५०९. महिन्याचं व्याज २२,३९७. हप्ता २२,८११. मुद्दलात गेले ४१४ रुपये. मी पहिल्यांदा असं स्टेटमेंट एका शेजाऱ्याच्या हातात बघितलं तेव्हा त्याला वाटलं छपाईत शेवटचा आकडा कापला गेलाय. नव्हता. तेवीस हजाराच्या जवळपास भरून चारशे रुपयांचं कर्ज फिटत होतं.

एक लक्षात घ्या, वाढीचा प्रत्येक टप्पा सारखा नाही. पहिल्या ०.९० ने ४० हप्ते वाढले, शेवटच्या फक्त ०.२५ ने शंभराच्या वर वाढले. मुद्दलाचा वाटा शून्याकडे जायला लागला की मुदत अशीच उधळते.

६. मग ५२२ हप्ते बँक खरंच देते का? माझ्या बँकेने तर मधेच हप्ता वाढवला.

शक्यतो देत नाही. बँकेच्या पॉलिसीत कमाल मुदत असते, बऱ्याच ठिकाणी ३० वर्षं, आणि वयाचीही मर्यादा असते, नोकरदाराला बहुधा निवृत्तीच्या आसपासची. मुदत त्या भिंतीला टेकली की सिस्टीम उरलेली वाढ हप्त्यात टाकते. म्हणून खूप लोकांचा अनुभव असा की दोन-तीन रीसेट काहीच झालं नाही आणि मग एकदम हप्त्याने उडी मारली. आधीचे रीसेट मुदतीत गेले होते, तेवढंच.

दुसरी भिंत म्हणजे व्याजच हप्त्यापेक्षा जास्त होणं. आपल्या कर्जात एप्रिल २०२३ ला ती रेषा साधारण ९.४२ टक्क्यांवर होती. दर ९.५० झाला असता तर महिन्याचं व्याज २३,००२, म्हणजे हप्ता भरूनही कर्ज दर महिन्याला १९१ रुपयांनी वाढलं असतं आणि कधीच फिटलं नसतं. मुदत वाढवताना अशी वेळ येऊ द्यायची नाही असं रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट सांगितलंय (प्रश्न ८ बघा).

७. मधला मार्ग आहे का? पूर्ण हप्ता झेपत नाही, पण २०६६ पण नको.

आहे, थोडा हप्ता आणि थोडी मुदत. एप्रिल २०२३ ची शिल्लक २९,०५,५०९ आणि दर ९.२५ धरून तीन पर्याय असे दिसतात.

मूळ तारीख धरायची, म्हणजे २१९ हप्ते, तर हप्ता २७,५१७ आणि इथून पुढचं एकूण व्याज ३१ लाख २१ हजार. ३०० हप्ते घेतले तर हप्ता २४,८८२ आणि व्याज ४५ लाख ५९ हजार. हप्ता तोच ठेवून ५२२ केले तर व्याज जवळजवळ ९० लाख. दर पुढे बदलणारच, त्यामुळे हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत, पण तुलना करायला पुरतात.

पहिल्या पर्यायात २७,५१७ कसे आले, वर तर २७,२५७ म्हटलंत, असं काही जणांनी विचारलं. प्रश्न ४ मधल्या माणसाने जुलैपासूनच वाढीव हप्ता भरला, त्यामुळे त्याची शिल्लक एप्रिलला २८,७८,१०४ होती. नऊ महिने थांबलेल्याला त्याची किंमत दरमहा २६० रुपये, अठरा वर्षं.

मला विचाराल तर ३० ते ४० वयाच्या माणसाने जेवढा झेपेल तेवढा हप्ता वाढवून घ्यावा आणि उरलेलंच मुदतीत टाकावं. पगार वाढतो, २०२२ मध्ये जड वाटलेले चार हजार २०२६ मध्ये तेवढे जड राहत नाहीत, पण वाढलेली मुदत मात्र आपण स्वतः जाऊन सांगेपर्यंत कोणी आपणहून कापून देत नाही.

८. हप्ता वाढवायचा की मुदत, हे बँक ठरवणार की मी?

आता तुम्हाला विचारायला हवं. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला परिपत्रक काढलं आणि डिसेंबर २०२३ अखेरपर्यंत ते नव्या-जुन्या दोन्ही कर्जांना लागू करायला सांगितलं. रीसेटमुळे हप्ता किंवा मुदत बदलली तर लगेच कळवायचं, हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्ही मिळून हा पर्याय द्यायचा, आणि मुदतीत कधीही थोडं किंवा सगळं कर्ज आधी फेडू द्यायचं. शिवाय दर तिमाहीला स्टेटमेंट द्यायचं ज्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असतो.

प्रत्यक्षात काय होतं तर एक एसएमएस किंवा ईमेल येतो, त्यात लिहिलेलं असतं की अमुक दिवसांत कळवलं नाही तर मुदत वाढवली जाईल, आणि आपण तो न वाचता पुढे सरकतो. माझंही २०२२ मध्ये तसंच झालं, म्हणजे तेव्हा तर पर्याय विचारलाच नव्हता, एक दिवस नेट बँकिंगला शेड्यूल डाउनलोड केलं आणि शेवटची तारीख माझ्या निवृत्तीच्या सहा वर्षं पुढे. बँकेचं नाव घेत नाही, शाखेत गेल्यावर त्यांनी अर्ज घेऊन हप्ता वाढवून दिला, पण तोवर तीन रीसेट होऊन गेले होते.

९. माझं नेमकं काय झालंय हे मला घरबसल्या कसं कळेल?

लोन अकाउंटमधून तीन गोष्टी काढा: आजची मुद्दल शिल्लक, चालू दर, आणि रीपेमेंट शेड्यूलमधली शेवटच्या हप्त्याची तारीख. ती तारीख सँक्शन लेटरच्या मुदतीशी ताडून बघा, वर्ष पुढे गेलं असेल तर वाढ मुदतीत गेलीय.

मग एक्सेलमध्ये हे टाका. पहिल्या ओळीत उरलेले हप्ते येतात, दुसऱ्या ओळीत २१९ हप्त्यांत फेडायला लागणारा हप्ता:

```
=NPER(9.25%/12,-22811,2905509)
=PMT(9.25%/12,219,-2905509)
```

दर, हप्ता आणि शिल्लक तुमची टाका. पहिल्या सूत्राने आकड्याऐवजी #NUM! दाखवलं तर घाबरा, कारण त्याचा अर्थ व्याज हप्त्यापेक्षा जास्त आहे आणि त्या हप्त्यात कर्ज फिटणारच नाही. बँकेचे हप्ते आणि तुमचे एक-दोनने वेगळे आले तर सोडून द्या, दिवसांप्रमाणे व्याज काढल्याने तेवढा फरक पडतो. दहा-वीसचा फरक असेल तर मात्र शाखेत जाऊन विचारा.

१०. थोडे पैसे हातात आहेत. भरले तर हप्ता कमी करू की मुदत?

दर वाढलेला असताना मुदत. आपल्या कर्जात एप्रिल २०२३ ला, हप्ता २२,८११ असताना, एक लाख भरले तर ५२२ चे ३८६ हप्ते होतात. एका लाखात अकरा वर्षांच्या वर गेले. मला स्वतःला हा आकडा दोनदा तपासावा लागला. कारण तेच, मुद्दलाला ४१४ जात होते तिथे आता १,१८५ जायला लागतात, जवळपास तिप्पट. पूर्ण मूळ तारखेवर यायचं तर साधारण ४ लाख ९७ हजार लागले असते.

वैयक्तिक फ्लोटिंग होम लोन आधी फेडलं म्हणून दंड लावता येत नाही. पैसे भरताना मात्र लेखी सांगा की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, आणि आठ दिवसांनी नवीन शेड्यूल काढून बघा. काही वेळा पैसे जमा होतात पण शेड्यूल जुनंच राहतं.

११. सासऱ्यांचं पण फ्लोटिंग कर्ज आहे, त्यांची मुदत फक्त पाच महिन्यांनी वाढली. माझी एवढी का?

कारण त्यांचं कर्ज संपत आलंय. समजा हप्ता तोच २२,८११, दर ६.७५ आणि ६० हप्ते उरलेत, तर शिल्लक साधारण ११ लाख ५९ हजार असते. त्यावर एकदम अडीच टक्के वाढवले तरी ६० चे ६५ हप्तेच होतात. त्यांच्या हप्त्यात व्याजाचा वाटा आधीच छोटा आहे, तुमच्यात तोच मोठा. त्यामुळे ज्यांनी २०२० किंवा २०२१ मध्ये स्वस्त दर बघून लांब मुदतीचं कर्ज काढलं त्यांनाच ही वाढ सगळ्यात जास्त लागली.

१२. माझं कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं आहे, रेपो वाढल्यावर तिथे काय होतं?

बाहेरच्या दराला बांधायचा नियम बँकांना आहे. हाउसिंग फायनान्स कंपन्या बहुधा आपला स्वतःचा प्राइम लेंडिंग रेट वापरतात, तो त्या ठरवतील तेव्हा आणि तेवढा बदलतो. जुनं एमसीएलआरचं, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून ठरणाऱ्या दराचं बँक कर्ज असेल तर रीसेट बरेचदा वर्षातून एकदा असतो, त्यामुळे वाढही उशिरा आणि कपातही उशिरा. हप्ता-मुदतीचं गणित मात्र वरचंच, आणि प्रश्न ८ मधलं परिपत्रक या कंपन्यांनाही लागू आहे.

१३. हप्ता वाढवून घेतला आणि पुढच्याच महिन्यात बाउन्स झाला, खात्यात पैसे असूनही. असं का?

नॅच मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापायला तुम्ही दिलेली परवानगी, बघा. कर्ज घेताना सही केलेल्या मँडेटवर कमाल रक्कम लिहिलेली असते. ती २५,००० असेल आणि नवीन हप्ता २७,२५७ असेल तर त्या मँडेटवर तेवढी रक्कम ओढता येत नाही. हप्ता वाढवायचा अर्ज देतानाच मँडेटची मर्यादा विचारा आणि लागलं तर नवीन मँडेट करा. कर्ज आणि पगाराचं खातं एकाच बँकेत असेल तर सहसा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन असते, तिथे हा त्रास कमी.

१४. कर्जाबरोबर घेतलेला विमा वाढलेल्या मुदतीला पण चालतो का?

आपोआप नाही. कर्जाबरोबर दिलेल्या विम्यात बरेचदा कव्हर दरवर्षी उतरत जातं, आणि ते उतरतं पॉलिसी घेतानाच्या दराने आणि मुदतीने. तुमची खरी शिल्लक आता त्यापेक्षा सावकाश उतरतेय, म्हणजे मधे दरी पडते आणि ती घरच्यांच्या अंगावर येते. पॉलिसीतला तक्ता काढा आणि या वर्षीचं कव्हर शिल्लकीशी ताडून बघा.

१५. रेपो परत खाली आला, मग मुदत आपोआप पूर्ववत होते ना?

कमी होते, पूर्ववत होतेच असं नाही. २०२५ मध्ये रेपो फेब्रुवारीत ६.२५, एप्रिलमध्ये ६ आणि जूनमध्ये ५.५० झाला. प्रश्न ७ मधल्या ३०० हप्तेवाल्याचं बघू, त्याने २४,८८२ चालूच ठेवले. त्याचा दर एप्रिल २०२५ ला ९ आणि १ जुलै २०२५ ला ८.२५ झाला, तेव्हा शिल्लक २८,२९,४४० होती. जुन्या हिशोबाने २७३ हप्ते उरायला हवे होते, ते झाले २२३. पन्नास हप्ते वाचले, शेवट जानेवारी २०४४ ला. तरी मूळ जून २०४१ च्या पुढेच आहे, एकतीस महिने.

इथे एक काळजी घ्या. दर उतरल्यावर हप्ता कमी करून घेता का असं विचारलं जातं आणि दोन हजार वाचतात म्हणून आपण हो म्हणतो. तसं केलं की मुदत वाढलेलीच राहते. आधीचा हप्ता भरायची सवय झालीय तर तोच चालू ठेवा.

१६. दर रेपोपेक्षा जास्तच वाढलेला दिसतोय. हे चालतं का?

आधी तुमचा दर वजा शेवटच्या रीसेटच्या दिवशीचा रेपो करा आणि सँक्शन लेटरमधला स्प्रेड बघा. आपल्या कर्जात हे २.७५ यायला हवं. बँक स्प्रेडमधला क्रेडिट रिस्कचा भाग तुमच्या पतपात्रतेत मोठा बदल झाला तरच बदलू शकते, नुसता रेपो वाढला म्हणून स्प्रेड वाढवता येत नाही. फरक दिसला तर शाखेला लेखी विचारा की स्प्रेड कोणत्या तारखेला आणि कोणत्या कलमाखाली बदलला, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. जाताना सँक्शन लेटर, रीसेटचे सगळे मेसेज आणि दोन वेगवेगळ्या तारखांची शेड्यूलं जवळ ठेवा, जुनं शेड्यूल आजच डाउनलोड करून ठेवा कारण नवीन रीसेट झाला की नेट बँकिंगला बहुधा फक्त नवीनच दिसतं.